लशीत ॲल्युमिनियम आहे का, यापेक्षा ती गोठली होती का ते विचारा

बाळाला दीड महिन्याचा डोस द्यायला आलेले पुण्यातले आईवडील हल्ली डॉक्टरांना दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, ‘दुखणारी घ्यायची की बिनदुखणारी?’ दुसरा जरा दबक्या आवाजात, ‘यात ॲल्युमिनियम असतं म्हणे, नसलेली मिळेल का?’ वरवर हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण दोन्ही लशीतल्या एकाच गोष्टीकडे जातात. ती गोष्ट म्हणजे ॲडज्युव्हंट, म्हणजे लशीतल्या मुख्य द्रव्याच्या मदतीला घातलेलं द्रव्य. तिसरा प्रश्न मात्र जवळजवळ कुणीच विचारत नाही: ‘ही कुपी फ्रीजमध्ये कधी गोठली होती का?’ माझं म्हणणं असं की खरा प्रश्न हा तिसरा आहे. लशीतलं ॲल्युमिनियम बाळाला अपाय करेल ही भीती पुराव्यावर टिकत नाही. तेच ॲल्युमिनियम चुकीच्या फ्रीजमध्ये बिघडलं, तर बाळाला सुई टोचली जाते, कार्डावर शिक्का पडतो, आणि संरक्षण मात्र अर्धवट मिळतं किंवा मिळतच नाही. हे टाळता येतं, आणि ते टाळण्याची जबाबदारी कुणाची हे आपण ठरवलेलं नाही.

आधी, हे द्रव्य लागतंच कशाला? हेपटायटिस बी ची लस घेऊ. लहान मुलाच्या डोसमध्ये विषाणूच्या पृष्ठभागावरचं एकच प्रथिन असतं आणि तेही १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लाखावा भाग. ते यीस्टमध्ये वाढवून स्वच्छ धुऊन घेतलेलं असतं. त्यात विषाणूचा गाभा नाही, त्याची जनुकं नाहीत, वाढण्याची ताकद नाही. सुरक्षिततेसाठी हे उत्तमच आहे. अडचण अशी, की आपली प्रतिकारयंत्रणा नुसतं परकं प्रथिन दिसलं म्हणून कामाला लागत नाही. तसं असतं तर रोजच्या जेवणातल्या प्रत्येक प्रथिनाविरुद्ध शरीर लढत बसलं असतं.

पहारा करणाऱ्या डेंड्रायटिक पेशी दोन गोष्टी पाहतात. समोर परकं काही आहे का, आणि त्याच्यासोबत धोक्याची खूण आहे का. जिवाणूच्या भिंतीतले मेदपदार्थ, विषाणूची जनुकं, आसपासच्या पेशींची मोडतोड या त्या खुणा. दोन्ही मिळाल्या तरच ही पेशी जागी होते, जवळच्या लसिका ग्रंथीत जाते आणि टी पेशींना प्रथिनाचा तुकडा दाखवते. तुकडा दाखवताना ती एक दुसरा इशाराही देते. तो मिळाला तरच टी पेशी वाढतात आणि मग बी पेशींना चांगल्या प्रतीची, टिकाऊ प्रतिपिंडं बनवायला मदत करतात. नुसता तुकडा दिसला आणि इशारा आला नाही, तर टी पेशी उलटं शिकते. हे सोडून द्यायचं आहे, असं ती धरून चालते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांवर झालेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं. गाईच्या रक्तातलं एक प्रथिन गुठळ्या काढून अगदी शुद्ध करून टोचलं, तर उंदरांनी प्रतिपिंडं बनवली नाहीतच, उलट पुढे त्याच प्रथिनाला ते बधिर झाले. तेच प्रथिन ॲडज्युव्हंटसोबत दिलं तर भरपूर प्रतिपिंडं तयार झाली. जितकं शुद्ध, तितकं मुकं, हा लसशास्त्रातला मूळ पेच आहे.

बीसीजी, गोवर-रुबेला, तोंडावाटे देण्याची पोलिओ आणि रोटाव्हायरस या लशींत कुठलंही ॲडज्युव्हंट नसतं, ते याच कारणाने. त्यांतले जंतू दुबळे केलेले असले तरी जिवंत असतात. ते शरीरात थोडे वाढतात आणि धोक्याची खूण स्वतःच घेऊन येतात. मारलेल्या जंतूत त्या खुणांचा काही भाग उरतो. निवडून काढलेल्या एखाद्या प्रथिनात, किंवा फॉर्मालिनने निर्विष केलेल्या धनुर्वाताच्या विषात, जवळजवळ काहीच उरत नाही. ती उणीव बाहेरून भरून काढावी लागते.

ती कशी भरायची याचा शोध घोड्यांच्या तबेल्यात लागला. फ्रान्समधले पशुवैद्य गॅस्तों रामों १९२० च्या दशकात घटसर्पाचं प्रतिविष मिळवण्यासाठी घोड्यांना टोचत असत. टोचल्या जागी ज्या घोड्यांना गळू व्हायचं, त्यांच्या रक्तात प्रतिविष जास्त सापडायचं. मग त्यांनी मुद्दाम साबुदाण्याच्या जातीचं टॅपिओका पीठ मिसळून टोचून पाहिलं आणि तोच परिणाम मिळाला. १९२६ मध्ये लंडनजवळच्या वेलकम प्रयोगशाळेत अलेक्झांडर ग्लेनी आणि सहकाऱ्यांनी निर्विष केलेल्या घटसर्पाच्या विषात तुरटी टाकली. जे साकळून खाली बसलं ते टोचलं, तेव्हा साध्या द्रावणापेक्षा कितीतरी जास्त प्रतिपिंडं मिळाली. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आपल्याकडे हंड्यात तुरटी फिरवतात, गाळ एकमेकाला धरून तळाशी बसतो. ग्लेनींच्या परीक्षानळीत रसायन तेच होतं, फक्त गाळाच्या जागी घटसर्पाचं प्रथिन होतं.

आजच्या लशीत मात्र तुरटी नसते. बोलताना सगळे ‘ॲलम’ म्हणतात, पण आत असतं ते ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड किंवा ॲल्युमिनियम फॉस्फेट, आधीच तयार करून ठेवलेल्या जेलच्या रूपात. कुपी हलवल्यावर पातळ ताकासारखी जी पांढुरकी झाक दिसते ती या जेलची. त्याचे मूळ कण अतिसूक्ष्म असतात आणि ते एकमेकांना धरून काही मायक्रॉनचे सैल पुंजके करतात. हायड्रॉक्साइडच्या कणांवर शरीराच्या आम्लतेत धन भार असतो, फॉस्फेटच्या कणांवर ऋण. म्हणून कुठलं प्रथिन कशाला चिकटवायचं हे त्या प्रथिनाचा भार पाहून ठरवतात. फार सैल चिकटलं तर टोचताक्षणी सुटून वाहून जातं. फार घट्ट चिकटलं तर पेशींना ते नीट उलगडता येत नाही आणि प्रतिसाद उलट कमी होतो. लस बनवणारे यावर महिनोन्महिने घालवतात, कारण प्रथिन आणि त्याला लागणारं जेल ही जोडी म्हणजेच लस असते.

हे जेल शरीरात नेमकं काय करतं? जुनं उत्तर होतं ‘साठा’: जेल स्नायूत बसून राहतं, प्रथिन हळूहळू सोडतं आणि शरीराला ते दीर्घकाळ मिळत राहतं. अनेक पुस्तकांत आजही हेच छापलेलं असतं. ते मुख्य कारण नाही. उंदरांत टोचलेली जागा दोन तासांतच कापून काढली, तरी प्रतिसाद जवळजवळ तेवढाच आला. साठा लागत असता तर तो कोसळायला हवा होता. आता जे चित्र पटतं ते असं. पाण्यात विरघळलेल्या एकट्या रेणूपेक्षा कणाला चिकटलेलं प्रथिन डेंड्रायटिक पेशी फार सहज गिळते. शिवाय कणांमुळे स्नायूतल्या काही पेशी फुटतात, त्यांच्यातून यूरिक ॲसिड आणि जनुकद्रव्य बाहेर येतं, आणि हीच शरीराच्या लेखी धोक्याची खूण ठरते. काही तासांत तिथे पांढऱ्या पेशींची गर्दी होते. मांडी थोडी सुजते, दुखते, बाळ किरकिरतं. प्रतिकाराची पहिली पायरी ती हीच. काही मुलांत टोचल्या जागी वाटाण्याएवढी टणक गाठ काही आठवडे राहते. तिला चोळू नये, शेकू नये, ती आपोआप जिरते.

सुई खोल स्नायूतच का जायला हवी, तेही यातून कळतं. सरकारी केंद्रावर पेंटाव्हॅलंट, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात धरून पाच रोगांवरची एकत्रित लस, डाव्या मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूला, २३ गेजच्या इंचभर सुईने, अर्धा मिलिलिटर देतात. स्नायूत रक्ताभिसरण चांगलं असतं, त्यामुळे आलेल्या पेशी कण उचलून नेतात. हेच जेल कातडीखालच्या चरबीत राहिलं तर दाह तिथेच कोंडतो आणि पूसारखं द्रव साठलेली, पण जंतू नसलेली गाठ होऊ शकते. ती दिसली की घरचे लशीला दोष देतात. बहुतेक वेळा दोष सुईच्या खोलीचा असतो.

आता ‘बिनदुखणारी’कडे वळतो. दुखणाऱ्या लशीत डांग्या खोकल्याचा आख्खा जिवाणू मारून घातलेला असतो. त्याच्या भिंतीतले मेदपदार्थ धोक्याची खणखणीत खूण देतात. ताप येतो तो त्यामुळे, आणि सोबतच्या घटसर्प आणि धनुर्वाताच्या घटकांनाही त्याचा फायदा मिळतो. म्हणजे या लशीत ॲल्युमिनियम असतंच, शिवाय जिवाणू स्वतः दुसरं ॲडज्युव्हंट असतो. बिनदुखणाऱ्या लशीत जिवाणूची दोन ते पाच शुद्ध प्रथिनं तेवढी असतात. भिंत गेली, ताप गेला, आणि खूणही गेली. मग सगळा भार ॲल्युमिनियमवर पडतो, आणि ते डांग्या खोकल्याला हव्या त्या जातीची टी पेशी फारशी घडवत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेसारखे देश या लशीकडे वळले. तिचं संरक्षण काही वर्षांतच ओसरतं हे पुढे दिसलं, आणि २०१० मध्ये कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याची मोठी साथ आली. आपल्या सरकारी कार्यक्रमात आजही आख्ख्या जिवाणूची लस आहे, आणि ती गरिबांची दुय्यम लस नव्हे. पहिल्या तीन डोसांसाठी तिचा दोन दिवसांचा ताप सोसणं मला योग्य वाटतं. ज्या मुलाला आधीच्या डोसनंतर गंभीर प्रतिक्रिया आली, त्याची गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांनी ठरवायचं.

ॲल्युमिनियमच्या भीतीला उत्तर देताना आपल्या बाजूचे लोक एक कच्चा युक्तिवाद करतात, तो आधी बाजूला ठेवू. ‘आईच्या दुधातून, पावडरच्या दुधातून याहून जास्त ॲल्युमिनियम जातं’ असं सांगितलं जातं. आकडे खरे असले तरी तुलना रास्त नाही. पोटात गेलेल्या ॲल्युमिनियमचा एक टक्काही रक्तात उतरत नाही, टोचलेलं मात्र कालांतराने जवळजवळ सगळं उतरतं. पालकाला हे कुठेतरी वाचायला मिळालं की त्याचा आपल्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. ॲल्युमिनियम कधीच घातक नसतं हेही खरं नाही. पूर्वी डायालिसिसच्या पाण्यात ते उतरल्यामुळे मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या मेंदूला इजा झाल्याचं वैद्यकाला चांगलं ठाऊक आहे.

खरं उत्तर मात्रा आणि वेग यात आहे. एका डोसमध्ये ॲल्युमिनियम जास्तीत जास्त १.२५ मिलिग्रॅम असू शकतं, ही आपल्याकडची आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. ते एकदम रक्तात येत नाही. पेशींभोवतीच्या द्रवातलं सायट्रेट कणांना हळूहळू विरघळवतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. सशांवर खुणेचं ॲल्युमिनियम वापरून मोजलं, तेव्हा २८ दिवसांत फॉस्फेटमधलं सुमारे ५१ टक्के आणि हायड्रॉक्साइडमधलं सुमारे १७ टक्केच रक्तात उतरलं होतं. मूत्रपिंडं नीट असलेल्या बाळाला हा वेग सहज झेपतो. २०२५ मध्ये डेन्मार्कमधल्या सुमारे १२ लाख मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लशींतून मिळालेल्या ॲल्युमिनियमचं प्रमाण वाढलं की दमा, स्वप्रतिकारक आजार, स्वमग्नता अशा ५० आजारांचं प्रमाण वाढतं का, हे त्यात पाहिलं होतं. ते वाढलेलं आढळलं नाही. अजिबात ॲल्युमिनियम न मिळालेली मुलं त्यात फार थोडी होती, म्हणून ही तुलना मुख्यतः कमी आणि जास्त यांतली आहे. पण द्रव्य घातक असतं तर मात्रा वाढताना काहीतरी दिसायला हवं होतं.

ॲल्युमिनियमने सगळं साधतं असंही नाही. प्रतिपिंडं ते भरपूर बनवून घेतं, पण पेशीत शिरलेल्या जंतूला मारणारी यंत्रणा फारशी जागी करत नाही. म्हणून मलेरियाविरुद्धच्या आर-२१ लशीत वेगळी वाट धरावी लागली. ही लस पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. तिच्या डोसमध्ये ५ मायक्रोग्रॅम प्रथिनासोबत ५० मायक्रोग्रॅम मॅट्रिक्स-एम असतं, म्हणजे मुख्य द्रव्याच्या दहापट मदतनीस. ते चिलीतल्या एका झाडाच्या सालीतल्या फेसाळ द्रव्यापासून बनतं, आपल्या रिठ्यासारखं. तरी रोजच्या लसीकरणातल्या पेंटाव्हॅलंट, हेपटायटिस बी, न्यूमोकोकल आणि धनुर्वात-घटसर्पाची टीडी या लशींचा आधार आजही ॲल्युमिनियमच आहे, आणि म्हणूनच पुढचा मुद्दा शहरातल्या प्रत्येक दवाखान्याला लागू पडतो.

ॲल्युमिनियम असलेली लस गोठली की मरते. दही चुकून फ्रीझरमध्ये गेलं आणि मग बाहेर काढलं, तर पाणी वेगळं आणि कणीदार चोथा वेगळा होतो, कितीही घुसळलं तरी पहिलं दही परत येत नाही. कुपीत हेच घडतं. पाण्याचे स्फटिक वाढताना जेलच्या कणांना कोपऱ्यात दाबत नेतात. एरवी एकमेकांपासून दूर राहणारे कण चिकटून मोठ्या गुठळ्या होतात. वर चिकटलेलं प्रथिन सुटतं किंवा गुठळीच्या आत अडकतं. वितळल्यावर द्रव पुन्हा पांढरट दिसतं, पण लशीची बांधणी गेलेली असते. असा डोस टोचला तर प्रतिपिंडं कमी बनतात, आणि गुठळ्यांमुळे टोचल्या जागी गाठ होण्याची शक्यता मात्र वाढते.

आपल्याकडे लशीची काळजी म्हणजे उन्हाची काळजी, हे पक्कं बसलेलं आहे. वीज गेली की सगळे धावतात. कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे वर्तुळातला तो फिका चौकोन, उष्णतेने गडद होतो आणि फार उष्णता लागली की सांगतो. गोठण्याबद्दल तो एक शब्दही सांगत नाही. उणे पाच अंशात रात्रभर पडलेल्या कुपीचा चौकोन फिकाच राहतो. हेपटायटिस बी ची लस शून्याच्या अर्धा अंश खालीही गोठू शकते. बाकीच्या ॲल्युमिनियमच्या लशी थोडं जास्त सोसतात, पण त्यावर विसंबून चालत नाही. जगभरातल्या अभ्यासांचा २००७ मध्ये घेतलेला आढावा सांगतो, की पाहणी केलेल्या फ्रीजपैकी आणि खेपांपैकी १४ ते ३५ टक्क्यांमध्ये लस गोठणाऱ्या तापमानाला सापडली होती. आपल्या देशात दहा राज्यांत कुप्यांसोबत तापमान नोंदणारी यंत्रं ठेवून केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही कुप्यांनी शून्याखाली वेळ काढल्याचं आढळलं.

पुण्यात हे कसं होतं ते पाहा. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की दवाखान्यातल्या घरगुती फ्रीजचं बटण सगळ्यात वर नेलं जातं. जूनमध्ये पाऊस येतो, हवा गार होते, बटण तिथेच राहतं. दिवसा दार सारखं उघडतं म्हणून तापमान ठीक राहतं. रात्री दार बंद, खोली गार, आणि मागच्या पत्र्याला टेकलेला खोका पहाटेपर्यंत शून्याखाली जातो. सकाळी नऊला नोंदवहीत ‘३ अंश’ लिहिलं जातं आणि ते खरंही असतं. सकाळ-संध्याकाळच्या दोन नोंदींत पहाटे तीनचं तापमान येणार कुठून? सरकारी केंद्रावर लशींसाठी बर्फाचं अस्तर असलेला खास फ्रीज असतो, त्याला आयएलआर म्हणतात, आणि त्यात चूक वेगळी होते. तो वरून उघडतो आणि त्याचा तळ सगळ्यात थंड असतो. घाईत पेंटाव्हॅलंट टोपलीऐवजी तळाशी गेली, की गोवर-रुबेलाला चालणारी थंडी तिला मारते. बाहेरच्या सत्रासाठी नेताना बर्फाच्या पट्ट्या फ्रीझरमधून काढून तशाच डब्यात घातल्या, तरी तेच होतं. पट्टी कानाशी हलवल्यावर आत पाणी खळखळलं पाहिजे, मगच ती कुप्यांशेजारी ठेवायची.

समजा, एका दवाखान्यात तापमान नोंदणारं छोटं यंत्र आहे. सोमवारी सकाळी त्यावर धोक्याची खूण दिसते: रविवारी पहाटे चार तास उणे दीड अंश. (उणे अर्ध्या अंशाखाली सलग एक तास गेला की ही यंत्रं इशारा देतात.) फ्रीजमध्ये पेंटाव्हॅलंटच्या ११ कुप्या आहेत, ८ एका बॅचच्या, ३ दुसऱ्या. त्यातली एखादी दगडासारखी गोठलेली दिसली तर तिची परीक्षाही घ्यायची नाही, ती टाकायची. बाकीच्यांवर ‘वापरू नये’ लिहून त्या दोन ते आठ अंशांतच वेगळ्या ठेवायच्या. मग हलवून पाहण्याची चाचणी करायची. प्रत्येक बॅचमधली एक कुपी बळी द्यायची, तिच्यावर ‘गोठवलेली’ असं ठळक लिहून ती रात्रभर फ्रीझरमध्ये पूर्ण घट्ट होऊ द्यायची. बॅचनिहाय वेगळी कुपी लागते, कारण प्रत्येक बॅचचं जेल आपापल्या वेगाने बसतं. दुसऱ्या दिवशी ती खोलीच्या तापमानाला वितळू द्यायची, गरम पाण्यात धरायची नाही. मग ही कुपी आणि त्याच बॅचची संशयित कुपी एका हातात धरून १० ते १५ सेकंद जोरात हलवायच्या, सपाट टेबलावर उजेडासमोर ठेवायच्या आणि तीस मिनिटांपर्यंत पाहत राहायचं. लेबलमुळे तळ दिसत नसेल तर दोन्ही कुप्या उलट्या ठेवायच्या.

मुद्दाम गोठवलेल्या कुपीत काही मिनिटांतच वरचं पाणी स्वच्छ व्हायला लागतं आणि तळाशी जाड थर बसतो. चांगली कुपी तेव्हा एकसारखी धूसर राहते आणि फार सावकाश बसते. संशयित कुपी गोठवलेलीपेक्षा हळू बसली तर ती वापरायची. तिच्याबरोबर किंवा आधी बसली तर टाकायची. इथे ८ पैकी ७ आणि ३ पैकी २ अशा ९ कुप्या तपासायच्या आहेत. दुसऱ्या बॅचच्या दोन्ही पत्र्याला टेकून होत्या आणि त्या झपाट्याने बसल्या, तर फक्त त्या जातील. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० मध्ये ही चाचणी सूक्ष्मदर्शकाखालच्या निष्कर्षांशी पडताळून प्रसिद्ध झाली आणि ती चुकत नसल्याचं दिसलं. मात्र ती ॲल्युमिनियम असलेल्या लशींनाच लागू पडते. टोचण्याची पोलिओ लस पाण्यासारखी स्वच्छ असते, तिच्यात बसायला काही नसतं, पण गोठली तर तीही निकामीच. ती थेट टाकायची.

म्हणून माझी मागणी आहे की पुणे महापालिकेने लस देणाऱ्या प्रत्येक खासगी दवाखान्याला दिवसरात्र तापमान नोंदणारं यंत्र सक्तीचं करावं, आणि पालकाने मागितली तर गेल्या महिन्याची नोंद दाखवणं बंधनकारक करावं. सरकारी साखळीत ई-विन या लससाठा आणि तापमान नोंदणाऱ्या संगणकीय व्यवस्थेमुळे शीतसाखळी केंद्रांवर अशी नोंद होऊ लागली आहे. खासगीत ते डॉक्टरांच्या इच्छेवर आहे. दुसरी मागणी उत्पादकांकडे: कुपीवर ‘१.२५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही’ असं कमाल मर्यादेचं वाक्य लिहिण्याऐवजी प्रत्यक्ष किती आणि कुठलं ॲल्युमिनियम आहे ते लिहावं. आकडा उघड असला की भीतीला जागा कमी उरते.

असं उघडपणे विचारायला शिकवलं तर पालक घाबरतील आणि लसीकरण घटेल, अशी एक शंका घेतली जाते. मला ती गंभीर वाटते, पण पटत नाही. पालक घाबरतच आहेत, फक्त चुकीच्या गोष्टीला. फ्रीजची नोंद पाहून आश्वस्त होण्यासारखं काही तरी हातात मिळतं, ‘ॲल्युमिनियम नसलेली लस’ शोधून मिळत नाही. दुसरी शंका खर्चाची. यंत्र एकदा घ्यावं लागतं, आणि दोन कुप्या चाचणीत जातात. त्याउलट एक बिघडलेली बॅच टोचली गेली तर किती मुलं उघडी राहिली हे कधीच कळत नाही, कारण लस दिल्यावर कुणी प्रतिपिंडं मोजत नाही. आजूबाजूची मुलं सुरक्षित असतात म्हणून घटसर्प किंवा डांग्या खोकल्यात हा दोष काही काळ झाकला जातो. धनुर्वातात तो झाकला जात नाही. धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही, मातीतून जखमेत येतो. शेजारच्या शंभर मुलांनी लस घेतली म्हणून एकशेएकाव्याला त्याचा फायदा मिळत नाही. पायात गंजका खिळा गेला म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात टीडी घेणाऱ्या माणसाकडे त्या वेळी त्या एका कुपीपलीकडे काही नसतं, आणि ती कुपी रविवारी पहाटे कुठे होती हे आज त्याला कुणी सांगू शकत नाही.